वेग दीडपट केला, तर रेंज एक-तृतीयांश का होत नाही? (हवेचा रोध: गाडी आणि सायकल)

कोरडवाहू

गाडी इलेक्ट्रिक कॉम्पॅक्ट एसयूव्ही. बॅटरीतले वापरता येण्याजोगे साधारण ४० युनिट. समृद्धीवर क्रूझ कंट्रोल ८० ला लावला तर १०० किमीला १३ युनिटच्या आसपास जातात, १२० ला लावला तर २० ते २१. दोन माणसं, थोडं सामान, एसी चालू.

हवेचा रोध कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते, असं सगळीकडे वाचतो. ८० चे १२० म्हणजे दीडपट, आणि दीडचा घन ३.३७५. ८० ला ३१० किमी रेंज मिळते, म्हणजे या हिशोबाने १२० ला ९० किमीच्या आसपास मिळायला हवी. प्रत्यक्षात १९५ पर्यंत मिळते. तक्रार नाही, पण हिशोब जुळत नाही म्हणून प्रश्न.

१. घनाचा नियम चुकतोय की मी?
२. समोरून वारा असेल तर आकडेमोड कशी करायची? पावसाळ्यात नागपूरहून मुंबईकडे येताना त्याच वेगाला खर्च जास्त येतो आणि परतताना कमी.

---

सातवी_ब

घनाचा नियम पुस्तकातला. खऱ्या गाडीला वेग वाढला की हवा नीट चिकटून वाहते आणि हवेच्या रोधाचा गुणांक, म्हणजे सीडी, कमी होतो, त्यामुळे घनाऐवजी वर्ग धरायचा. दीडचा वर्ग २.२५. ३१० भागिले २.२५ म्हणजे १३८ किमी. उरलेला फरक गाडीच्या डिस्प्लेचा. कंपन्या आकडे फुगवून दाखवतात हे काही नवीन नाही.

---

रावसाहेब_डिझेल

टायरमध्ये हवा किती ठेवता? चार पीएसआय कमी असली तरी ॲव्हरेज मार खातं. आधी ते बघा, मग घन-वर्ग.

बाकी माझी डिझेल सेडान ८० ला २४ देते आणि ११० ला १९. इलेक्ट्रिकवाल्यांसारखं निम्म्यावर येत नाही. डिझेलला हवेचा रोध कमी लागतो की काय?

---

मापात_पाप

कोरडवाहू, घनाचा नियम बरोबर आहे आणि तुमची गाडीही खरं सांगतेय. सातवी_ब यांनी वर्ग धरला तोही बरोबर, पण त्यांनी दिलेलं कारण चुकीचं आहे. ८० ते १२० या टप्प्यात गाडीचा सीडी जवळजवळ स्थिर असतो.

घोळ असा झालाय की पॉवर आणि किलोमीटरमागचा खर्च या दोन गोष्टी तुम्ही एकच धरल्या. हवा गाडीला मागे ढकलते ते बल वेगाच्या वर्गाने वाढतं. त्या बलाविरुद्ध दर सेकंदाला किती काम करावं लागतं, ती पॉवर. ती म्हणजे बल गुणिले वेग, म्हणून घन.

```
F = 0.5 * rho * CdA * v^2
P = F * v
```

रेंज मात्र पॉवरवर ठरत नाही. १२० ने जाताना बॅटरी जास्त वेगाने रिकामी होते, पण तेवढंच अंतर कमी वेळात संपतं. घनातला एक वेग तिथे परत मिळतो आणि किलोमीटरमागे उरतो तो वर्ग. म्हणजे फक्त हवेचा विचार केला तर दीडपट वेगाला खर्च सव्वादोन पट.

तरीही तुमचा खर्च सव्वादोन पट होत नाही, साधारण १.६ पट होतो. कारण सगळी ऊर्जा हवेवर जात नाही. तुमच्यासारख्या गाडीचे आकडे घालून बघू. पुढून दिसणारं क्षेत्रफळ आणि सीडी यांचा गुणाकार, म्हणजे CdA, ०.७५ चौरस मीटर धरतो. माणसं-सामानासकट वजन १६०० किलो, टायरचा गुणांक ०.०१. हवेची घनता, म्हणजे सूत्रातला rho, १.१, कारण पुस्तकातलं १.२२५ हे समुद्रसपाटीचं आणि १५ अंशांचं आहे. आपल्याकडे पठारावर चार-पाचशे मीटर उंची आणि ३० अंश धरले की ती एवढी उतरते.

टायरचा रोध येतो १५७ न्यूटन, आणि या हिशोबापुरता तो वेगाने बदलत नाही असं समजू. हवेचा रोध ८० ला २०४ न्यूटन, १०० ला ३१८ आणि १२० ला ४५८. म्हणजे ८० ला हवा आणि टायर जवळपास भाऊ-भाऊ, १२० ला हवा तिप्पट.

आता पॉवर.

८० ला: हवा ४.५ किलोवॅट, टायर ३.५, एकूण ८.
१०० ला: हवा ८.८, टायर ४.४, एकूण १३.२.
१२० ला: हवा १५.३, टायर ५.२, एकूण २०.५.

हवेची ओळ बघा. १५.३ भागिले ४.५ केलं की ३.४ पट येतं, म्हणजे घन आपल्या जागी शाबूत आहे. बॅटरीपासून चाकापर्यंत पोचताना साधारण १२ टक्के वाटेत जातात आणि एसी-इलेक्ट्रॉनिक्सचे १.२ किलोवॅट वेगळे. हे धरून बॅटरीतून निघतात ते ८० ला १०.३, १०० ला १६.२ आणि १२० ला २४.५ किलोवॅट. वेगाने भागा: १०० किमीला १२.९, १६.२ आणि २०.४ युनिट. ४० युनिटमध्ये ३१० किमी, २४७ किमी आणि १९६ किमी.

CdA आणि टायरचे आकडे या वर्गातल्या गाडीला साजेसे निवडलेत, तुमच्या गाडीचे मोजलेले नाहीत, हे लक्षात ठेवा. पण डिस्प्लेला फुगवाफुगवीचा आरोप लावायची गरज पडत नाही.

---

सातवी_ब

बरं, डिस्प्लेचा आरोप मागे. पण मग एक सांगा. टायरचा वाटा किलोमीटरमागे सारखाच, हवेचा कमी-कमी होत जाणार, तर ४० ने गेलो की रेंज अफाट वाढायला हवी. तशी वाढत नाही.

---

मापात_पाप

वाढते, पण एसी आडवा येतो. १.२ किलोवॅट हा तासाचा खर्च आहे, अंतराचा नव्हे. १२० ला तो १०० किमीमागे १ युनिट पडतो, ४० ला ३ युनिट, आणि २० ला ६. हळू जाल तसा हवेवरचा खर्च घटतो आणि एसीवरचा वाढतो. कुठेतरी दोन्ही मिळून सर्वात कमी होतात. कुठे, ते त्या दिवशी एसीवर किती लोड आहे त्यावर ठरतं. मे महिन्यात विदर्भात तो बिंदू डिसेंबरपेक्षा वरच्या वेगाला सरकतो.

डिसेंबरचं निघालंच तर: पहाटे १२ अंशांना हवा ४२ अंशांच्या दुपारपेक्षा साधारण १० टक्के दाट असते. हवेचा रोध तेवढाच वाढतो. थंडीत रेंज घटली की सगळे बॅटरीला नावं ठेवतात, पण हायवेवर त्यातला एक वाटा हवेचा असतो.

रावसाहेब, डिझेलला हवा वेगळी नसते. फरक इंजिनाचा आहे. ८० ला सेडानला आठ-नऊ किलोवॅट पुरतात आणि इंजिनाची ताकद त्याच्या कितीतरी पट. एवढ्या कमी लोडवर इंजिनाची कार्यक्षमता वाईट असते, कारण आतलं घर्षण आणि पंपिंग यांचा खर्च भागवायचाच असतो. वेग वाढवला की लोड वाढतो आणि कार्यक्षमता सुधारते. म्हणजे हवा जे जास्त मागते त्यातलं थोडं इंजिन परत देतं. तुमचे २४ चे १९ म्हणजे २१ टक्के घट. वरच्या इलेक्ट्रिक गाडीला ११० ला १०० किमीमागे साधारण १८.२ युनिट लागतील, म्हणजे रेंजमध्ये २९ टक्के घट. इलेक्ट्रिक मोटर कमी लोडलाही चांगलीच असते, म्हणून तिच्यावर हवेचा परिणाम उघडा दिसतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

टायरचा मुद्दा योग्य आहे, पण हवा कमी असेल तर दोन्ही वेगांना सारखाच फटका बसेल. ८० आणि १२० मधला फरक त्याने समजत नाही.

---

रावसाहेब_डिझेल

म्हणजे डिझेल ८० ला जास्त वाया घालवते, म्हणून ११० ला कमी पडल्यासारखी वाटत नाही. कौतुक करावं की शिवी समजावी कळेना. पण टायरची हवा बघाच.

---

पेडलपटू

दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोलत नाहीये, आणि माझं अडलंय ते तिथेच. आम्हा सायकलवाल्यांना समृद्धीवर प्रवेश नाही, पण वारा आमच्यावर जास्त मेहेरबान असतो.

रोड बाइक, हात हूडवर, CdA ०.४० च्या आसपास. सायकलसकट ८५ किलो. सपाट रस्ता, वारा नाही, ३० चा वेग: पॉवर मीटरवर १६५ ते १७० वॅट. इथपर्यंत कॅल्क्युलेटरशी जुळतं. मग समोरून वारा असताना हातातल्या वाऱ्याच्या मीटरने हँडलच्या उंचीवर थांबून मोजला, १५ किमी प्रतितास. रस्त्यावरचा वेग ३० च धरला, म्हणजे हवा अंगावर ४५ ने. दीडपट! घनाने हवेची पॉवर १२७ ची ४३० वॅट होते, टायर आणि साखळी धरून ४८० यायला हवेत. मीटर दाखवतं ३३०. ते धरून ठेवतानाही जीव जातो, पण ४८० नव्हे एवढं नक्की. मीटर कॅलिब्रेट केलेलं आहे.

आणि दुसरं: जाऊन-येऊन राइड असेल तर वारा फिटंफाट होतो ना? जाताना जे घेतो ते येताना देतो.

---

सातवी_ब

४५ ने हवा लागते म्हणजे ४५ च्या वेगाला जेवढी पॉवर लागते तेवढीच लागणार. मीटर तपासून घ्या. क्रँक आर्मवरचे मीटर तापमान बदललं की शून्य सोडतात.

---

मापात_पाप

मीटर बरोबर आहे. शून्य सरकण्याबद्दल सातवी_ब म्हणतात ते खरं आहे आणि राइडआधी झीरो-ऑफसेट करायलाच हवा, पण त्याने १५० वॅटचा फरक पडत नाही.

घनात तीन वेग असतात, पण ते तिन्ही एकच वेग नसतात. दोन हवेचे आणि एक रस्त्याचा.

```
P = 0.5 * rho * CdA * (v + w)^2 * v
```

v हा रस्त्यावरचा वेग, w समोरचा वारा. बल किती ते हवा किती वेगाने अंगावर येते त्यावर ठरतं. पण त्या बलाविरुद्ध तुम्ही सेकंदाला किती मीटर पुढे सरकता ते रस्त्यावर मोजायचं. तुम्ही उभे राहिलात आणि ४५ चा वारा आला तरी बल आहेच, पण पॉवर शून्य, कारण तुम्ही कुठेच जात नाही. (ब्रेक धरायचे श्रम वेगळे.)

तुमचे आकडे घालू. घनता १.१ धरली की पुढचा गुणांक ०.२२. हवा १२.५ मीटर प्रतिसेकंद, वर्ग १५६, बल ३४.४ न्यूटन. रस्त्याचा वेग ८.३३. गुणाकार २८६ वॅट. टायरचे ३५ मिळवले, साखळीचे तीन टक्के धरले की ३३१. तुमचं मीटर ३३० दाखवतं. वारा थांबून हँडलच्या उंचीवर मोजलात म्हणून इतकं जमलं. हवामान ॲपचा आकडा घेतला असता तर जमलं नसतं. तो १० मीटर उंचीवरचा असतो, आणि उघड्या माळावर जमिनीपासून मीटरभर उंचीला वारा त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास राहतो. झाडं, कुंपण, भिंत असेल तर आणखी कमी.

फिटंफाट मात्र होत नाही. वारा नसताना ३० ला चाकावर लागतात ते १६२ वॅट जाता-येता सारखेच ठेवले असं समजू. १५ चा वारा समोरून असताना वेग २१.६ वर येतो. तोच वारा पाठीशी आला की ३९.८ मिळतात. सरासरी बघितली तर ३०.७, म्हणजे फायद्यात असल्यासारखं वाटतं. पण २० किमी जायला साडेपंचावन्न मिनिटं लागतात आणि यायला तीस. एकूण ८६. वारा नसता तर ४० किमी ८० मिनिटांत झाले असते. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता, म्हणून तोटा नेहमी जास्तच निघतो.

---

पेडलपटू

तीन वेगांतला एक रस्त्याचा, हे लक्षातच आलं नव्हतं. मग वाऱ्यात खाली वाकून ड्रॉप्सवर जाण्याचा फायदाही वाढणार?

---

मापात_पाप

वाढणार. समजा CdA ०.४० वरून ०.३२ वर आला, म्हणजे वीस टक्के कमी. ३० ला वारा नसताना २५ वॅट वाचतात, १५ च्या समोरच्या वाऱ्यात ५७. ०.३२ हा आकडा मात्र कोपर वाकवून, डोकं खाली घेऊन मिळतो. हात ड्रॉप्सवर आणि कोपर सरळ ठेवलेत तर छाती तशीच उघडी राहते आणि फायद्यातलं बरंच हातचं जातं.

हवा बाजूला केली की काय उरतं याचं टोकाचं उदाहरण म्हणजे डेनिस म्युलर-कोरेनेक. २०१८ मध्ये अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठागरावर त्यांनी सायकलवरून ताशी २९६ किमी गाठले. पुढे रेसिंगची गाडी आणि तिच्या मागे उभारलेला हवेचा आडोसा. आडोशाबाहेर त्या वेगाला ०.३० चा CdA धरला तरी शंभर किलोवॅटच्या आसपास लागले असते. म्हणजे मोटारीचं इंजिन पायांत हवं.

---

कोरडवाहू

हाच धागा धरून माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी लावून बघतो, चुकलं तर सांगा. १०० चा वेग, समोर २० चा वारा. हवा १२० ने, म्हणजे बल १२० वालंच, ४५८ न्यूटन. किलोमीटरमागचा खर्च बलावर ठरतो, वेगावर नाही. म्हणजे १०० ने जाऊनही मला १२० चाच खर्च लागणार?

---

मापात_पाप

बरोबर. पॉवर बघितली तर १२० वाल्याचे २४.५ आणि तुमचे २०.६ किलोवॅट. पण १०० किमीमागे त्याचे २०.४ आणि तुमचे २०.६. तुमचे किंचित जास्तच, कारण एसी जास्त वेळ चालतो. रेंजच्या दृष्टीने वारा थेट तुमच्या स्पीडोमीटरमध्ये मिळवायचा. पावसाळ्यात वारे पश्चिमेकडून असतात, म्हणून मुंबईकडे येताना खर्च जास्त आणि नागपूरकडे कमी, हे तुमचं निरीक्षण याच्याशी जुळतं. त्यातला चढ-उताराचा भाग मात्र वेगळा काढायला हवा. सरळ त्याच रस्त्यावर, वारा नसलेल्या दिवशी जाता-येता किती फरक येतो ते आधी बघा.

पुढचं चार्जर गाठायला रेंज अपुरी दिसली तर पहिला उपाय वेग कमी करणं. एसी बंद करून १०० ला फार तर एक युनिट वाचतो. १०० चे ८० केलेत तर सव्वातीन.

---

स्पॅनर_ताई

आकडे घरी बसून निवडण्यापेक्षा गाडीचे मोजता येतात. उपकरणं लागत नाहीत, सपाट रिकामा रस्ता आणि मागच्या सीटवर मोबाइलने स्पीडोमीटर चित्रित करणारा माणूस लागतो. द्रुतगती मार्गावर हे करू नका, तिथे न्यूट्रलमध्ये घरंगळणारी गाडी म्हणजे मागच्याला अपघाताचं आमंत्रण. खाजगी ट्रॅक किंवा एखादा बंद पट्टा मिळत असेल तरच.

आधी वीस मिनिटं गाडी चालवून टायर गरम करा. १०० च्या थोडं वर जा, न्यूट्रलला टाका आणि १०० पासून ९० पर्यंत यायला किती सेकंद लागतात ते व्हिडिओवरून मोजा. मग वेगळं ४० पासून ३० पर्यंत. तोच पट्टा उलट दिशेने. प्रत्येक दिशेला निदान तीन वेळा. इलेक्ट्रिक गाडीत एन टाकलंय आणि रीजन पूर्ण बंद आहे याची खात्री करा. डीमध्ये पाय काढलात तर मोटर ब्रेक लावते आणि सगळं वाया जातं. डिस्प्लेवर किलोवॅट शून्य दिसले पाहिजेत.

मापात_पाप यांच्या गाडीला ही वेळ १००-९० साठी साधारण १०.३ सेकंद आणि ४०-३० साठी २३.४ सेकंद येईल. आता उलटं काढू. १० किमी प्रतितास म्हणजे २.७८ मीटर प्रतिसेकंद. वजन १६०० किलो, पण फिरणारी चाकंही थांबवायची असतात, म्हणून तीन टक्के वाढवून १६५०.

वरच्या टप्प्यात बल: १६५० गुणिले २.७८ भागिले १०.३, म्हणजे ४४५ न्यूटन. खालच्या टप्प्यात १९६. फरक २४९. हा फरक फक्त हवेचा, कारण टायर दोन्हीकडे सारखा वजा झाला. ९५ आणि ३५ या मधल्या वेगांच्या वर्गांतला फरक, मीटर प्रतिसेकंदात, ६०२. भागाकार ०.४१४. दुपटीने घेऊन घनतेने भागा: CdA ०.७५.

यात फसतो कुठे? चढात. किलोमीटरला एक मीटर चढ डोळ्याला दिसत नाही, पण या वजनाला तो जवळपास १६ न्यूटनचा. म्हणूनच दोन्ही दिशा. पण दोन्ही दिशांच्या वेळेची सरासरी काढू नका. प्रत्येक वेळेवरून आधी बल काढा, मग बलांची सरासरी. सेकंदांची सरासरी काढली की हळू बाजूचं वजन जास्त पडतं आणि उत्तर सरकतं.

स्पीडोमीटर जास्त दाखवतो हेही धरा. जीपीएसवरून एकदा ताडून बघा, नाहीतर वर्गात ती चूक दुप्पट होऊन बसते.

---

सातवी_ब

आणि वारा? थोडा वारा असतोच. दोन्ही दिशांनी तो कटतो का? वर तर मापात_पाप म्हणाले फिटंफाट होत नाही.

---

स्पॅनर_ताई

पूर्ण कटत नाही, पण या पद्धतीत नशीब चांगलं आहे. समोरून आणि पाठीमागून अशा दोन्ही बलांची सरासरी काढली की वेगाच्या वर्गात वाऱ्याचा वर्ग मिळवल्यासारखं होतं. तो जास्तीचा तुकडा ९५ लाही तेवढाच आणि ३५ लाही तेवढाच. दोन्ही वजा केले की निघून जातो. म्हणजे सौम्य वाऱ्याने CdA बिघडत नाही. तुमचा टायरचा आकडा थोडा फुगतो. हे वारा रस्त्याला समांतर आणि एकसारखा असेल तर. झुळका येत असतील तर घरी जा.

एक मर्यादा राहते. टायरचा रोध आपण स्थिर धरला, पण तो वेगाबरोबर थोडा वाढतो. ती वाढ या हिशोबात हवेच्या नावावर जमा होते. म्हणून रस्त्यावर मोजलेला CdA कंपनीने छापलेल्या सीडीपेक्षा बहुधा जास्त निघतो, आणि त्यातलं किती हवेचं नि किती टायरचं हे या पद्धतीने सांगता येत नाही.

---

मापात_पाप

त्या शेवटच्या मुद्द्यावर थोडं असहमत. छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त येण्यात टायरपेक्षा रस्त्यावरच्या गाडीचा वाटा मोठा असावा. कॅरियर, रुंद टायर, मडफ्लॅप, उघडी ग्रिल, छापलेल्या आकड्याची चाचणी वेगळ्या ट्रिमवर झालेली. कंपनीचा सीडी बऱ्याचदा सर्वात गुळगुळीत व्हेरियंटचा असतो.

---

स्पॅनर_ताई

असू शकेल. तीच गाडी कॅरियरसह आणि कॅरियरशिवाय, एकाच दिवशी, त्याच टायरवर मोजली तर निदान कॅरियरचा वाटा वेगळा निघेल, कारण टायरची चूक दोन्हीकडे सारखी. टायर बदलून केलंत तर तुमचं-माझं भांडण मिटेल. तोवर दोघंही आपापल्या जागी.

---

रावसाहेब_डिझेल

एवढं करण्यापेक्षा ट्रकच्या मागे लागायचं. सायकलवाल्या बाईंना पुढच्या गाडीने २९६ दिले, मला ट्रक ॲव्हरेज देईल.

---

मापात_पाप

आडोसा खरा मिळतो तो अगदी जवळ गेल्यावर. ८० ला तुम्ही सेकंदाला २२ मीटर जाता. तीन सेकंदांचं अंतर ठेवलंत तर ६७ मीटर, आणि तिथे जो फायदा उरतो तो वाऱ्याच्या एका झुळकेत हरवतो. दहा मीटरवर जाल तर फायदा दिसेल, पण ट्रकने ब्रेक मारल्यावर पाय उचलायला अर्धा सेकंदही मिळत नाही. खेरीज ट्रकच्या मागून उडणारे खडे काचेवर.

---

पेडलपटू

एक राहिलं. बाजूने वारा असेल तर w शून्य धरायचा का? समोरचा घटक नाही म्हणून मी शून्य धरत होतो, पण आडव्या वाऱ्यात पॉवर वाढतेच.

---

मापात_पाप

शून्य धरू नका. आडवा वारा असला तरी अंगावर येणाऱ्या हवेचा एकूण वेग वाढतो, आणि त्या बलाचा पुढच्या दिशेतला भाग रस्त्याचा वेग गुणिले एकूण हवेचा वेग असा येतो. तुम्ही २५ ने आणि आडवा वारा १५, तर CdA तसाच धरूनही रोध सुमारे १७ टक्के वाढतो. गाडीला १०० ला ३० चा आडवा वारा, तर साडेचार टक्के.

CdA मात्र तसाच राहत नाही, आणि इथे मी हात टेकतो. बहुतेक गाड्यांचा तिरक्या हवेत वाढतो, खोल रिमच्या चाकांचा काही कोनांपर्यंत कमीही होतो. तुमच्या सायकलवर नेमकं काय होतं हे सूत्र सांगणार नाही. एकाच पट्ट्यावर, आडव्या वाऱ्याच्या आणि बिनवाऱ्याच्या दिवशी, तीच पॉवर ठेवून मीटरचे लॉग काढा आणि इथे टाका.

---

पेडलपटू

टाकतो. चाकं साधी आहेत, खोल रिमची मित्राकडून मिळाली तर दोन्हींचे.

---

कोरडवाहू

आणि मी बिनवाऱ्याच्या दिवशीचे जाता-येताचे युनिट टाकतो, ८० आणि १०० दोन्हीचे. रावसाहेब, टायर तपासले. तीन पीएसआय कमी होती.

---

रावसाहेब_डिझेल

बघा!